मुंबईचं विमान, पण कुठल्या विमानतळावरून?

आपल्या गोव्यातली बरीच घरं मुंबईला ये-जा करणारी. कुणाची मुलगी मुलुंडला, कुणाचा भाऊ दादरला. म्हणून हे थोडं सविस्तर लिहितोय.

आपल्याला दोन विमानतळांची सवय 5 जानेवारी 2023 पासून झाली. त्या दिवशी मोपाहून विमानं उडू लागली, आणि टॅक्सीवाल्याला 'एअरपोर्ट' एवढंच सांगून भागेना. 'मोपा' की 'दाबोळी' हे सांगावं लागू लागलं. मुंबईत तेच 25 डिसेंबर 2025 पासून झालंय. सहारच्या जुन्या विमानतळाच्या जोडीला उलव्याजवळ नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. तिकिटाचं एक टोक इथे, दुसरं तिथे असं सहज होतं. जाताना उतरलो सांताक्रूझला, म्हणून परतीचं विमानही तिथूनच सुटेल असं धरून चालू नका.

पहिलं काम म्हणजे तिकिटावरची तीन अक्षरं बघणं. जुना मुंबई विमानतळ BOM, नवी मुंबई NMI. आपल्याकडे दाबोळी GOI आणि मोपा GOX. बँकेत आम्ही नुसत्या नावावर पैसे जमा करत नसू, खाते नंबर बघत असू, तसंच हे. शहराचं नाव फसवतं, कोड फसवत नाही.

त्यानंतर टर्मिनल. BOM ला दोन आहेत: T1 विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, T2 सहारला. धावपट्ट्या त्याच, पण दारं वेगळी. एका दारातून दुसऱ्या दारात चालत जाता येत नाही, गाडीनेच वळसा घालावा लागतो. आणि खरी गोम पुढेच आहे. नवी मुंबईच्या टर्मिनललाही T1 च म्हणतात. त्यामुळे फोनवर कुणी 'टी-वनला सोड' म्हटलं की ते अर्धवटच झालं. विमानतळ आणि टर्मिनल, दोन्ही एका वाक्यात बोलायचं.

मागच्या फेरीतलं सांगतो. मुलुंडला मावसबहिणीकडे कार्य होतं. परतीचं विमान नवी मुंबईहून मोपाला, दुपारी पावणेतीनचं. भाच्याने मोबाइलवर गाडी बोलावली. त्याने शोधायच्या चौकटीत 'मुंबई एअरपोर्ट' टाकलं आणि यादीतलं पहिलंच नाव दाबलं. मी म्हटलं, "अरे, नकाशा जरा मोठा करून दाखव." शेवटची खूण अंधेरीच्या बाजूला पडली होती. त्याने लगेच ती गाडी रद्द करून यादीतून नवी मुंबईचं नाव निवडलं. किलोमीटर आणि भाडं दोन्ही चांगलेच वाढले. वाढलेला आकडा बघून तो दचकला, पण अंतरच तेवढं आहे. असा आकड्यातला फरक हीसुद्धा एक खूणच समजा.

गाडी आल्यावर ओटीपी द्यायच्या आधी ड्रायव्हरला विचारलं, "दादा, तुमच्या स्क्रीनवर कुठलं नाव आलंय, वाचून दाखवता का?" त्याने वाचलं, मग ओटीपी दिला. 'एअरपोर्टच ना?' असं विचारलं तर तो 'हो' म्हणणारच. नाव त्याच्या तोंडून यायला हवं.

गाडी सुटल्यावरही एक ताळा करता येतो, तो म्हणजे खाडीचा. नवी मुंबईला जायचं तर खाडी ओलांडावीच लागते. मुलुंडहून ऐरोलीचा पूल, चेंबूरकडून वाशीचा पूल, दादर-शिवडीकडून अटल सेतू. यातला एक पूल लागला की दिशा बरोबर. त्याऐवजी गाडी पवईकडे किंवा बांद्र्याकडे चालली असेल तर तिथेच थांबवा. आणि चूक कळली तर ड्रायव्हरला नुसतं तोंडी सांगू नका. ॲपमध्येच शेवटचं ठिकाण बदला, म्हणजे भाड्यावरून वाद होत नाही आणि त्याचा नकाशाही बदलतो.

एवढी काटेकोर तपासणी का, तर चुकीच्या टर्मिनलची चूक बहुतेकदा सावरता येते. हाताशी तासभर वेळ असेल तर T1 वरून T2 गाठता येतो. चुकीच्या विमानतळाची मात्र सावरत नाही. चेक-इनचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, आणि सहारहून उलव्याला रहदारीत तासाहून जास्त लागू शकतो. म्हणून सामान द्यायचं असेल तर विशेष लक्ष ठेवा.

शेवटचं, इथल्या घरच्यांसाठी. न्यायला येणाऱ्याला 'गोव्याला साडेचारला पोचतो' असं कळवू नका. 'मोपा, साडेचार' असं लिहा. तो बिचारा दाबोळीला उभा राहिला तर तुम्ही पेडण्यात आणि तो वास्कोजवळ!