कुणाला किती?

हजरत अबू बकर (रजि.) यांच्या खिलाफतीत (६३२-६३४) मदिनेत येणारं धन सगळ्यांना सारखं वाटलं जाई. काहींनी विचारलं, इस्लामसाठी सुरुवातीपासून हाल सोसणारा आणि मागाहून आलेला, दोघांना एकच माप कसं? त्यांच्या उत्तराचा आशय असा: त्या सेवेचा मोबदला अल्लाहकडे आहे, हा तर पोटापाण्याचा मामला, इथे समानताच बरी.

हजरत उमर (रजि.) यांना हे पटलेलं नव्हतं. त्यांच्या काळात इराक-शामचा महसूल येऊ लागला तेव्हा त्यांनी 'दीवान' म्हणजे नोंदवही तयार करवली. बद्रला लढलेल्यांना वर्षाला ५००० दिरहम आणि नंतर आलेल्यांना उतरत्या क्रमाने कमी.

पण धान्याचं गणित वेगळं होतं. त्यांनी ठरावीक पिठाच्या भाकऱ्या करून तेलात कुस्करून तीस माणसांना जेवू घातल्या. संध्याकाळी पुन्हा तसंच. तीस माणसांचं एका दिवसाचं खाणं म्हणजे एका माणसाचं महिन्याचं! तेवढं धान्य प्रत्येकाला, गुलामालाही. म्हणजे रोख रक्कम सेवेवर, पण भाकरी सगळ्यांना सारखी. मला या वाटणीतली ही जागा सर्वांत शहाणपणाची वाटते.

गरज मोजण्यात चूक झाली तर काय होतं, हेही त्यांनीच पाहिलं. मुलाचा भत्ता दूध सुटल्यावर सुरू होई. एका रात्री एक तान्हं मूल सारखं रडत होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, भत्ता लवकर मिळावा म्हणून आई त्याचं दूध वेळेआधी तोडत होती. त्यानंतर जन्मापासूनच भत्ता देण्याचा हुकूम निघाला. नियमाने जे मागितलं, ते लोकांनी करून दाखवलं होतं!

आमच्या मोहल्ल्याच्या कमिटीत दरवर्षी शिष्यवृत्तीवरून हाच वाद होतो. एक गट म्हणतो, ८० टक्क्यांच्या वर गुण असतील त्यालाच द्या. पण पैसा जकातीचा असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. जकातीचे आठ हकदार कुरआनात (सूरह तौबा, आयत ६०) ठरवून दिलेत. त्यांत फकीर आहेत, मिस्कीन आहेत, कर्जदार आहेत, गुणवंत नाहीत. खात्यापित्या घरच्या हुशार मुलाचा सत्कार जरूर करा, पण त्यासाठी वेगळी देणगी काढा. आणि ५५ टक्केवाली मुलगी, जी सकाळी आईबरोबर धुणीभांडी करून कॉलेजला जाते, तिची मेहनत कुठल्या मार्कशीटवर दिसणार?

आयुष्याच्या शेवटी हजरत उमर म्हणाल्याचं नोंदलंय की पुढचं वर्ष पाहिलं तर मी सगळ्यांना एका पातळीवर आणीन. ते वर्ष त्यांना मिळालं नाही. पुढे हजरत अली (रजि.) यांनी सारखी वाटणी पुन्हा सुरू केली, तेव्हा ज्यांना मोठे हिस्से मिळत होते त्यांतले कित्येक नाराज झाले.