चौकटीचे कार्ड

एका बाजूस देवनागरी आणि दुसऱ्या बाजूस रोमन अक्षरे, अशी व्हिजिटिंग कार्डे आमच्या गोव्यात पुष्कळ आढळतात. आमच्या एका स्नेह्यांना आपल्या देवस्थान समितीसाठी तशीच कार्डे हवी होती आणि ती छापवून घेण्याचे काम आमच्याकडे आले. दोन्ही बाजूंस, कडेपासून दोन मिलिमीटर आत, केशरी रेघेची चौकट असावी असा त्यांचा आग्रह होता. ही चौकट आपल्याला छळणार, हे आम्ही तेव्हाच ओळखले.

कारण उघड आहे. कापताना सुरी अर्धा मिलिमीटर सरकली, तर एका कडेस दीड आणि समोरच्या कडेस अडीच मिलिमीटर जागा उरते. अर्ध्याची चूक डोळ्यांना एकाची दिसते. चौकट नसती, तर ती कोणाच्या ध्यानातही आली नसती.

तावावर बारा कार्डे बसवून पहिली बाजू छापली, शाई वाळली आणि ताव उलटून दुसरी बाजू सुरू झाली. पहिले काही ताव दिव्यासमोर धरले, तेव्हा मागची चौकट पुढच्या चौकटीशी जुळेना. सगळ्याच तावांवर ती सारखी सरकली असती, तर छपाईची जागा तेवढी हलवून भागले असते. पण येथे एक ताव जुळे, दुसरा न जुळे. अशा वेळी दोष छपाईच्या जागेत नसून ताव यंत्रात टेकतो त्या कडेत असतो.

आमचे मुद्रक जुने जाणते. त्यांनी दोन ताव एकमेकांवर ठेवून दाखविले. रुंदीत जवळजवळ एक मिलिमीटराचा फरक होता. पुढची बाजू छापताना तावाची डावी कड यंत्राच्या बाजूच्या टेकणीला लागली होती. ताव पुस्तकाच्या पानासारखा उलटला, की तीच कड उजवीकडे जाते. टेकणी मात्र डावीकडेच राहिली होती. म्हणून आता तिला तावाची दुसरी कड लागत होती, आणि तावांच्या रुंदीतला फरक मागच्या छपाईत उतरत होता. त्यांनी टेकणी उजवीकडे नेली. चिमटे ताव धरतात ती कड दोन्ही वेळा एकच होती, म्हणून तिकडे काही करावे लागले नाही. मग कोपऱ्यातील खुणेवर टाचणी टोचून पाहिली; ती मागच्या खुणेतून बाहेर आली.

कापतानाही त्याच दोन कडा कापयंत्राला टेकवाव्या लागल्या. शिवाय जाड गठ्ठा दाबाखाली किंचित सरकतो आणि वरचे व खालचे कार्ड सारखे उतरत नाही, म्हणून गठ्ठे लहान ठेविले. इतके करूनही पाव मिलिमीटराची खात्री कोणी देत नाही. तेव्हा चौकट पाच मिलिमीटर आत घ्यावी, असे आम्ही स्नेह्यांना सुचविले. पाचाच्या जागी साडेचार व साडेपाच झाले तर ते डोळ्यांत भरत नाही. पुढच्या बाजूपुरते त्यांनी ते मान्य केले. मागच्या बाजूची चौकट त्यांनी स्वतःच काढून टाकविली, जराशा नाराजीनेच.