शिक्षा, पण तुरुंगाबाहेर

आमच्या कामरेजमध्ये कुणी तुरुंगाबाहेर दिसला की लोक सरळ म्हणतात, "पॅरोलवर सुटला असेल." मीही प्रोबेशन आणि पॅरोल ही एकाच वस्तूची दोन नावे समजत असे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रोबेशन म्हणजे नोकरीतला उमेदवारीचा काळ एवढेच ठाऊक! पण संजय दत्तच्या खटल्याची हकीकत वाचली आणि फरक लख्ख झाला.

३१ जुलै २००७ रोजी मुंबईच्या टाडा न्यायालयाने बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल त्याला सहा वर्षांची शिक्षा दिली. त्याने प्रोबेशन मागितले होते. ते नाकारले गेले. त्याच खटल्यातील एका सहआरोपीला मात्र ते मिळाले. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पाच वर्षांवर आणली, पण गुन्ह्याचे गांभीर्य पाहून प्रोबेशन पुन्हा नाकारले. दत्त येरवड्यास गेला. त्याच वर्षी डिसेंबरात पत्नीच्या आजारपणासाठी त्याला पॅरोल मिळाला. म्हणजे ज्याला प्रोबेशन नाही, त्यालाही पॅरोल मिळू शकतो!

कारण दोहोंचा दाता वेगळा. प्रोबेशन न्यायाधीश देतो, दोष सिद्ध झाल्यावर आणि तुरुंगात धाडण्याऐवजी. १९५८ च्या कायद्यानुसार आरोपी चांगल्या वर्तनाचा बंधपत्र लिहून देतो; त्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. अट मोडली तर न्यायालय त्याला बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना ही सवलत नाही. पॅरोल मात्र तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला शासनाचे अधिकारी देतात, काही दिवसांपुरता. १९५९ च्या मुंबई नियमांप्रमाणे ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. परत जाऊन भरावे लागतात.

माझ्या वयाच्या वाचकांनी कलम ६ अवश्य लक्षात ठेवावे. समजा, वीस वर्षांच्या एका मुलाने कामरेज चौकडीवरून सायकल चोरली आणि गुन्हा शाबीत झाला. आरोपी एकवीस वर्षांखालचा असल्यास न्यायाधीशाने प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाच पाहिजे. मुलाचे घर कसे, शिक्षण काय, आधी काही गुन्हा आहे का, हे त्यात येते. तरीही तुरुंग द्यायचा तर कारणे लिहावी लागतात. वय मोजायचे ते खालच्या न्यायालयाच्या निकालाच्या दिवशीचे, चोरीच्या दिवशीचे नव्हे. खटला दोन वर्षे रेंगाळला की मुलगा बावीसचा होतो आणि हे खास संरक्षण निसटते. मग उरते कलम ४, तेही न्यायाधीशाच्या मर्जीवर.

प्रोबेशन मिळाले म्हणजे निर्दोष सुटला असेही नव्हे. दोष कायम राहतो. मात्र त्या दोषामुळे कायद्याने येणारी अपात्रता कलम १२ टाळते. पॅरोलवरच्या कैद्यावर त्याची शिक्षा चालूच असते. एकाला तुरुंगाचे दार उघडावेच लागत नाही, दुसऱ्याला ते परतण्याच्या बोलीवर उघडते.