दोन गुणाकार, एक वजाबाकी

सीआयएसएसपी परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यातल्या आमच्या ऑफिसातले काही जण शनिवारी सकाळी एकत्र बसायचो. धोक्याच्या आकडेमोडीचा भाग समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण कंपनीचं रिस्क रजिस्टर मीच सांभाळत होते. पाठ करायला फारसं काही नव्हतंच. मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या.

```
SLE = AV × EF
ALE = SLE × ARO
Value = ALE(before) − ALE(after) − annual cost
```

एव्ही म्हणजे मालमत्तेची किंमत. ईएफ म्हणजे एका घटनेत त्यातला किती हिस्सा वाया जाईल तो. दोन्हींचा गुणाकार केला की एका फटक्याचं नुकसान मिळतं, ते एसएलई. असा फटका वर्षाला सरासरी किती वेळा बसतो तो दर म्हणजे एआरओ. एसएलईला एआरओने गुणलं की एएलई, म्हणजे वर्षाकाठी धरायचं नुकसान. तिसरी ओळ उपायासाठी: उपायामुळे एएलई किती उतरली आणि त्या उपायावर दर वर्षी किती खर्च झाला, यातला फरक.

ही गणितं सहावीतल्या मुलालाही जमतील. परीक्षेत माणसं अडतात ती वाक्यांपाशी. म्हणून मी सगळ्यांना कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला लावले आणि आमच्याच सर्व्हर रूमवरून बेतलेला एक प्रश्न वाचून दाखवला.

‘एका कंपनीची सर्व्हर रूम तळमजल्यावर आहे. तिथली यंत्रणा तीन वर्षांपूर्वी ६० लाखांना घेतली. आज ती नव्याने उभी करायची तर ४० लाख लागतील. कंपनीत ३५० कर्मचारी आहेत. साधारण पाच वर्षांतून एकदा पावसाचं पाणी आत शिरतं आणि तेव्हा तीन चतुर्थांश यंत्रणा वाचते. रॅक उंचावर घेणं, पाण्याचे सेन्सर आणि पंप बसवणं यांचा खर्च ३ लाख असून ही व्यवस्था पाच वर्षं टिकेल. देखभालीला दर वर्षी २० हजार लागतील. ही व्यवस्था असेल तर पाणी शिरल्यावर ५ टक्केच नुकसान होईल. या उपायाचं वार्षिक मूल्य किती?’

आधी एव्ही. साठ की चाळीस? काही भरून काढायचं असेल तर आज खिशातून जाणारी रक्कम मोजायची. म्हणून ४० लाख. ६० लाखांचा आकडा प्रश्नात ठेवला तो मोहात पाडायला, आणि ३५० कर्मचारी नुसते गर्दीला. मग ईएफ. प्रश्नात ‘वाचते’ असं म्हटलंय, आपल्याला हवं आहे ‘जाते’. म्हणजे २५ टक्के. एसएलई झाली १० लाख. पाच वर्षांतून एकदा म्हणजे एआरओ ०.२. आजची एएलई २ लाख.

आता उपाय. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने विचारलं, “ताई, पाऊस तर तेवढाच पडणार ना? मग एआरओला हात कशाला लावायचा?” तिने नेमकं हेरलं होतं. रॅक उंचावले म्हणून पाणी यायचं थांबत नाही, आलेलं पाणी कमी नासधूस करतं. इथे ईएफ बदलतो, एआरओ नाही. हीच सर्व्हर रूम तिसऱ्या मजल्यावर नेली असती तर एआरओ खाली आला असता. उपाय दोन दारांपैकी कुठल्या दारात उभा आहे हे प्रत्येक प्रश्नात आधी ठरवावं लागतं. आपल्या प्रश्नात नवी एसएलई ४० लाखांच्या ५ टक्के, म्हणजे २ लाख. नवी एएलई ४० हजार. खर्चाचे ३ लाख पाच वर्षांवर वाटले की वर्षाला ६० हजार, त्यात देखभालीचे २० हजार मिळवून ८० हजार. दोन लाखांतून ४० हजार वजा, मग ८० हजार वजा. उरले ८० हजार. उपाय करण्याजोगा आहे.

यानंतर मी पर्याय दाखवले: १,६०,०००; १,२०,०००; ८०,०००; आणि १,४०,००० तोटा. बरोबर उत्तर सोडून उरलेले तीन कुठून आले ते शोधायला सांगितलं. उपायाचा खर्च वजा करायचा विसरलं की १,६०,००० येतात. उपायानंतरही ४० हजारांचं नुकसान उरतं हे विसरलं की १,२०,०००. तीन लाख एकाच वर्षाच्या माथी मारले आणि देखभाल सोडून दिली की १,४०,००० तोटा. परीक्षेतले चुकीचे पर्याय असेच घडवतात. प्रत्येक चुकीच्या वाचनाचं बरोबर गणित तिथे तयार असतं. त्यामुळे आपलं उत्तर पर्यायांत सापडलं एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. प्रश्न एसएलई विचारतोय, एएलई विचारतोय, की उपायाचं मूल्य, हे शेवटच्या वाक्यात असतं. ते मी सगळ्यांना आधी वाचायला लावलं.

एआरओची वाक्यं आम्ही वेगळी काढून बसलो, कारण तो आकडा सर्वांत जास्त रूपं घेऊन येतो. ‘दहा वर्षांत एकदा’ म्हणजे ०.१. ‘तिमाहीला एकदा’ म्हणजे ४. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता, ०.०१. ईएफ एकाच्या वर जात नाही, एआरओ मात्र खुशाल जातो. दोन्ही दशांशात दिसतात म्हणून त्यांची अदलाबदल होते. आणि ‘२०० लॅपटॉप, प्रत्येकी ६० हजारांचा, दर वर्षी ५ टक्के चोरीला जातात’ असं वाक्य आलं तर थांबायचं. चोरी एकेका लॅपटॉपची होते. एसएलई ६० हजार, वर्षाला दहा चोऱ्या, एएलई ६ लाख. सगळ्या लॅपटॉपची किंमत १ कोटी २० लाख हीच एसएलई धरून ५ टक्के एआरओ म्हणून लावले तरी एएलई ६ लाखच येते, पण एसएलई विचारली तर उत्तर कोटीच्या घरात जाऊन बसतं.

त्याच सुमारास सर्व्हर रूमचा तोच प्रस्ताव मला कंपनीच्या बैठकीत मांडायचा होता. तिथे मात्र आकडे कुणी वाक्यात गुंफून देत नाही. वहीखात्यात घसारा वजा केलेली किंमत होती, ती उपयोगाची नव्हती. नव्या यंत्रणेची कोटेशन मागवावी लागली. ईएफसाठी कुठलं यंत्र जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टेपने मोजलं. अडलं ते एआरओपाशी. इमारतीचे जुने वॉचमन म्हणाले, “मॅडम, दारापर्यंत तर दर एक-दोन वर्षांनी येतं, आत शिरलेलं मात्र थोड्याच वेळा पाहिलंय.” सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हाचं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून काहींना ‘पाच वर्षांतून एकदा’ फार कमी वाटत होतं. काहींच्या मते ती रात्र अपवादच होती. ०.२ हा आकडा खरा आहे असं मी कुणालाही शपथेवर सांगू शकत नव्हते. शिवाय पाच वर्षांतून एकदा याचा अर्थ दर पाच वर्षांनी नेमाने एकदा, असा होत नाही. दर वर्षी २० टक्के शक्यता धरली तर पाचही वर्षं कोरडी जाण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश असते. पाच वर्षं पाणी आलं नाही म्हणून अंदाज खोटा ठरत नाही.

मग मी गणित उलट्या बाजूने केलं. उपायामुळे प्रत्येक घटनेत ८ लाख वाचणार होते, १० लाखांच्या जागी २ लाख. उपायाचा वार्षिक खर्च ८० हजार. ८० हजारांना ८ लाखांनी भागलं की ०.१ येतात. म्हणजे दहा वर्षांतून एकदा पाणी शिरत असेल तर खर्च आणि बचत सारखीच. त्याहून जास्त वेळा शिरत असेल तर उपाय फायद्याचा. बैठकीत मी ०.२ वर वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “पाणी दहा वर्षांत एकदापेक्षा जास्त वेळा आत येईल असं आपल्याला वाटतं का?” या प्रश्नाला वॉचमनपासून संचालकांपर्यंत सगळ्यांकडे उत्तर होतं. प्रस्ताव मंजूर झाला.

अंदाज ढोबळ असतात हे या पद्धतीच्या मुळातच मान्य केलेलं आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने, म्हणजे आजच्या निस्टने, १९७९ साली फिप्स ६५ ही मार्गदर्शिका काढली, आणि एएलई सरकारी संगणक केंद्रांत रुजायला तिचा मोठा हात होता. तिच्यात नुकसानीचे आकडे दहाच्या पटीत निवडायचे होते आणि वारंवारिताही तशीच: ३०० वर्षांतून एकदा, ३० वर्षांतून एकदा, ३ वर्षांतून एकदा, १०० दिवसांतून एकदा. नेमकेपणाचा आग्रह नव्हता. परीक्षेत आलेला ०.२ म्हणजे अशाच ढोबळ पायरीवरचा आकडा. प्रश्न सोडवण्यापुरता तो पक्का धरायचा, बैठकीत नाही.

त्याच बैठकीत एएलईची दुसरी मर्यादा आमच्या वित्तप्रमुखांनी पुढे आणली. माझ्या तक्त्यात दोन ओळी खालीवर होत्या. लॅपटॉपची चोरी, एएलई ६ लाख. इमारतीची आग, किंमत ६ कोटी, ईएफ निम्मा, पन्नास वर्षांतून एकदा. ३ कोटी गुणिले ०.०२, एएलई पुन्हा ६ लाख. ते म्हणाले, “मॅडम, लॅपटॉपचे सहा लाख मी दर वर्षी बजेटमध्ये ठेवतो. आगीचे सहा लाख कुठल्याच वर्षी जाणार नाहीत. एक तर शून्य जातील, नाही तर तीन कोटी. आणि तीन कोटी आपल्याकडे नाहीत.”

सरासरीने दोन्ही धोके एका रांगेत बसवले होते. आगीसाठी विमा हवा होता. पण तिसऱ्या ओळीने विमा तपासला तर तो बहुतेक वेळा तोट्याचाच दिसतो, कारण विमा कंपनी सरासरी नुकसानीवर आपला खर्च आणि नफा चढवूनच हप्ता ठरवते. आम्ही ६ लाखांची एएलई असताना त्याहून जास्त हप्ता भरला तर परीक्षेच्या सूत्राने ते उणे मूल्य ठरेल. तरीही कंपनी शहाणपणानेच वागलेली असेल, कारण तिने विकत घेतलेली गोष्ट एएलईत मोजलीच जात नाही: एका वाईट वर्षात दिवाळं न निघण्याची हमी.

आता गटात शिकवताना मी हे दोन्ही सांगते. पेपरात प्रश्न उपायाचं वार्षिक मूल्य मागत असेल तर सूत्र सांगेल तेच उत्तर द्या. वार्षिक खर्च एएलईतल्या बचतीपेक्षा जास्त असेल तर तो उपाय नाकारा, पर्यायांत कितीही आकर्षक दिसला तरी. ऑफिसच्या तक्त्यात मात्र एएलईच्या शेजारी एसएलईचा रकाना ठेवा, आणि एसएलई तुमच्या संस्थेला एका वर्षात पेलणार नसेल तर त्या ओळीचा निर्णय सरासरीवर घेऊ नका.