अडलेला ‘ळ’

गोंदियाच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणे नकोसे होते. अशा वेळी आमच्या घरी पुठ्ठ्याच्या १४४ सोंगट्या निघतात. मूळ खेळ ‘बनानाग्रॅम्स’, अमेरिकेतला, इंग्रजी अक्षरांचा. आम्ही काना-मात्रांसह मराठी अक्षरे लिहून घेतली. चौघे असलो की प्रत्येकी २१ सोंगट्या. पाळी नसते, सगळे एकदमच आपापल्या शब्दांची एकसंध जाळी रचतात. ज्याच्या साऱ्या बसल्या तो ओरडतो आणि प्रत्येकाला ढिगातली आणखी एक उचलावी लागते.

अम्मींचे शिक्षण उर्दूतले. उर्दूत ‘ळ’ नाही, म्हणून तो हाती आला की त्या ढिगात टाकून मोकळ्या होत. पण एक परत केली की तीन घ्याव्या लागतात. दोन ‘ळ’ टाकले की चार सोंगट्यांचे ओझे वाढलेच!

परवा त्यांनी उभा ‘कविता’ लावला होता, त्याच्या ‘क’पासून आडवा ‘कमर’. बाकी सारे जुळले, हातात उरला ‘ळ’. हात ढिगाकडे गेलाच होता.

“दादी, लावलेला शब्द मोडता येतो,” धाकटी म्हणाली.

अम्मी थबकल्या. ‘कमर’चा ‘र’ कडेला होता, दुसऱ्या कुठल्याच शब्दात गुंतलेला नव्हता. तो काढला तरी जाळी तुटणार नव्हती. त्यांनी तिथे ‘ळ’ ठेवला: कमळ. सुटलेला ‘र’ ‘कविता’च्या ‘ता’पुढे आडवा गेला: तार.

अम्मी ओरडल्या तेव्हा आमच्या हातात अजून दोन सोंगट्या होत्या.