तिघांना पावशेर

काका गेले त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी पिठलं-भाताचं पातेलं आणून दिलं. घरात मृत्यू झाला की त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी किंवा सोयरे जेवण आणतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. प्रश्न दुसऱ्या दिवशीपासून होता. काकूला उठवत नव्हतं, चुलतभाऊ विधीला बसलेला, आणि सदाशिव पेठेतल्या त्या तीन खोल्यांमध्ये सातारा, नाशिक, सोलापूरहून आलेली माणसं. आत्याने माझ्याकडे बघून सांगितलं, "तू बाहेर फेऱ्या मारण्यापेक्षा स्वयंपाकघर सांभाळ. मी सांगते तसं कर." मी एकट्यापुरती खिचडी लावणारा माणूस. चोवीस जणांचं जेवण म्हणजे माझी खिचडी गुणिले चोवीस, असंच मला वाटत होतं.

आधी आत्याने काय करायचं नाही ते सांगितलं. आमच्याकडे दहा दिवस फोडणी नाही, कढई चढत नाही म्हणजे तळण नाही, हळद नाही, गोड नाही. प्रत्येक घरात हे वेगळं असतं. कुणाकडे तवाही चढत नाही, कुणाकडे फक्त तळण आणि गोड वर्ज्य. म्हणून हे पहिल्याच सकाळी घरातल्या जाणत्या बाईला विचारून घ्यावं. एकदा भाजीला फोडणी पडली की ती परत काढता येत नाही, आणि ऐन दुःखात त्यावरून कुणाचं तरी मन दुखावतं.

उरलं काय? वरण, भात, एक उकडलेली भाजी, वर लिंबू आणि तूप. आत्याचं माप साधं होतं: तांदूळ तिघांना पावशेर, डाळ सहा जणांना पावशेर. चोवीस जणांना दोन किलो तांदूळ आणि एक किलो तूरडाळ. पोळ्या असल्या तर तांदूळ निम्मे चालतात, पण सुतकात पोळ्या लाटत बसायला माणूस कुठून आणायचा? रात्रीच्या पोळ्या जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून मोजून आणल्या. तिथे सकाळीच संख्या सांगावी लागते, आयत्या वेळी पन्नास-साठ पोळ्या मिळत नाहीत.

खरा घोळ माणसांच्या आकड्याचा. चोवीस हा आकडा सकाळचा. कुणी वैकुंठातल्या विधीसाठी गेलेलं, ते केव्हा परततील सांगता येत नाही, आणि आल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवणार नाहीत. भेटायला आलेल्यांपैकी लांबचे जेवायला थांबतात, पुण्यातले थांबत नाहीत. म्हणजे बाराला पंधरा जण बसतील आणि अडीचला आणखी बारा. ही गोष्ट डोक्यात बसली तेव्हा मला या जेवणाची रचना कळली. वरण वाढवता येतं, भात वाढवता येत नाही. म्हणून वरण एकदाच, घट्ट करून ठेवायचं. भात दोनदा लावायचा.

वरणासाठी डाळ अर्धा तास भिजवली. घरचा कुकर पाच लिटरचा. डाळ फसफसते, फेस शिट्टीच्या भोकात अडकतो, म्हणून डाळ-पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. अर्धा किलो डाळ आणि दीड लिटर पाणी एका वेळी, असे दोन कुकर. पाण्यात चिमूटभर हिंग, दोन उभ्या चिरलेल्या मिरच्या, आल्याचा तुकडा. फोडणी नसल्यामुळे चव यायला हवी ती शिजतानाच यायला हवी. मग डाळ घोटून, मीठ घालून, गोळा होईल इतकी घट्ट ठेवली. पंगत बसायच्या आधी हवी तेवढी दुसऱ्या पातेल्यात काढायची, उकळतं पाणी घालून सैल करायची आणि एक उकळी आणायची. गार पाणी घातलं तर वरण फुटल्यासारखं होतं, पाणी वेगळं आणि डाळ वेगळी. दुपारच्या दुसऱ्या पंगतीला पाच माणसं वाढली तेव्हा पाणी वाढलं, चिमूटभर मीठ वाढलं, भागलं. काकूच्या वयस्कर आत्येसासऱ्यांना मिरची चालत नव्हती, त्यांच्यासाठी घट्ट गोळ्यातूनच बाजूला काढलं आणि मिरची उचलून टाकली.

भाताला मी घाबरत होतो. एक किलो तांदूळ कुकरात मावत नाही, आणि मोजून पाणी घालून पातेल्यात लावला तर वरचा कच्चा, मधला ठीक, खालचा करपलेला, कारण घरच्या बर्नरची आच पातेल्याच्या मध्यभागीच लागते. आत्याने भात वेळून घ्यायला सांगितला. दहा लिटरच्या पातेल्यात पाच-सहा लिटर पाणी खळखळ उकळायचं, त्यात धुतलेला एक किलो तांदूळ. झाकण नाही. दाणा बोटात दाबला की मध्ये दोऱ्याएवढी कणी लागते, तेव्हा उतरवून चाळणीत ओतायचं. परत पातेल्यात, तव्यावर ठेवून, झाकण लावून, मंद आचेवर दहा मिनिटं. कणी अजिबात लागत नाही तोवर थांबलं तर उशीर झालेला असतो: वाफेवर भात आणखी शिजतो आणि त्याचा लगदा होतो. तांदूळ कोलम घ्यायचा. इंद्रायणी आम्हा सगळ्यांचा आवडीचा, पण मोठ्या पातेल्यात त्याचा गोळा होतो. वेळून निघालेली पेज मीठ घालून सकाळपासून काही न खाल्लेल्या काकूला दिली. घास जात नव्हता, पेज गेली.

दुसरं पातेलं उकळायला ठेवायचं ते पहिली पंगत अर्धी झाल्यावर, कारण तेवढं पाणी उकळायलाच अर्धा तास लागतो. आणि किती तांदूळ टाकायचे ते तेव्हाच दिसतं: आत बसलेले किती, अजून यायचे किती.

उरलेल्या भाताचा प्रश्न सुतकात अवघड होतो, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. एरवी उरला की फोडणीचा भात. इथे फोडणीच नाही. आणि पातेल्यात झाकून ठेवलेला भात तासन्‌तास कोमट राहतो. तांदळातले काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत, ते अशा कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात लगेच परातीत पसरायचा, गार झाला की फ्रिजमध्ये, आणि संध्याकाळी ताकात कालवून संपवायचा. वास आला, दाणे चिकट लागले, तार आली, तर टाकायचा. घर पाहुण्यांनी भरलेलं, संडास एकच. चार जणांची पोटं बिघडली तर काय होईल, हे सांगायला नको.

भाजीसाठी मंडईतून दुधी आणि लाल भोपळा आणत होतो. चोवीस जणांना तीन किलो. या भाज्या चिरायला सोप्या, त्यांना स्वतःचं पाणी सुटतं, फोडणीशिवाय मीठ-जिरेपूड-दाण्याच्या कुटावर चव धरतात. भेंडी, कारलं, वांगी यांचं तेलाशिवाय काही होत नाही, आणि मेथी निवडायला दोन बायका अडकतात. फोडणी हा बहुतेक मराठी भाज्यांचा आधारच आहे, हे मला ती नसताना समजलं.

दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणी परतत नाही. त्याला अर्धा तास लागतो की दोन तास, ते कुणाच्या हाती नसतं. त्या दिवशी वेळून घेतलेला भात चालणार नव्हता, कारण तो ताजाच बरा. आत्याने मुगाच्या डाळीची सैल खिचडी करायला लावली. तांदूळ दीड किलो, मूगडाळ पाऊण किलो, पाणी भरपूर. तिला कुकर नको, पातेलं पुरतं, फक्त तळ लागू नये म्हणून ढवळत राहावं लागतं. गॅस बंद करून झाकून ठेवली तर ती घट्ट होत जाते, पण वाढायच्या आधी उकळतं पाणी घालून आच दिली की परत सैल होते. विधी लांबला तरी ती धीर धरते. साखरेची गोळी घेणारे आजोबा आणि लहान मुलं, त्यांना मी साडेअकरालाच वाढून मोकळा झालो. आत्याने त्यावर कुणाचं ऐकून घेतलं नाही. "कावळा शिवायची वाट मोठ्यांनी बघायची," ती म्हणाली, "गोळी घेतलेल्या माणसाने नाही."