गच्चीवरच्या उन्हाची वही

पुण्यात आमच्या गच्चीवर ५४० वॅटची सहा पॅनेलं आहेत, म्हणजे एकूण ३.२४ किलोवॅट. दक्षिणेकडे तोंड, चढ साधारण पंधरा अंशांचा. बसवणाऱ्याने सांगितलं होतं, किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरा. पहिल्या पूर्ण वर्षात ४,९०६ युनिट झाली. भागून पाहिलं तर किलोवॅटला दिवसाला ४.१५. म्हणजे त्याचा शब्द खरा ठरला. पण त्याच वर्षात मार्चमध्ये ५१२ युनिट होती आणि जुलैत २७१. चार हा आकडा वर्षाला लागू पडतो. तो महिन्याला लावला की जुलैत उगाच घाबरायला होतं आणि मार्चमध्ये उगाच निर्धास्त व्हायला होतं.

*

महिने एकमेकांशी ताडायचे तर आधी दोन भागाकार करावे लागतात: दिवसांनी एक आणि किलोवॅटनी एक. ५१२ भागिले ३१, भागिले ३.२४, म्हणजे ५.१. जुलै २.७. गल्लीतल्या काकांच्या गच्चीवर पाच किलोवॅट आहेत. या भागाकारानंतर त्यांचा आकडा आणि माझा आकडा एका रांगेत उभे राहतात.

बिलावरचा महिना मात्र यासाठी चालत नाही. रीडिंग कधी २८ दिवसांनी होतं, कधी ३३. शिवाय बिलात दिसणारी निर्यात म्हणजे निर्मिती नव्हे. दुपारी घरात पंप चालला, फ्रीज चालला, ती वीज नेट मीटरपर्यंत पोचतच नाही. काकांनी एकदा निर्यातीचा आकडा धरून 'सोलर अर्ध्यावर आलं' असं ठरवलं होतं. त्या महिन्यात त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती आणि एसी दिवसभर चालू होता. निर्मिती बघायची ती इन्व्हर्टरवर किंवा निर्मितीच्या मीटरवर, एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंत.

*

मे महिना. ऊन सगळ्यात कडक, म्हणून वीजही सगळ्यात जास्त असेल असं वाटतं. पण आमच्याकडे मार्च ५१२ आणि मे ४७२. याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण उष्णतेचं. पॅनेलवर लिहिलेले ५४० वॅट हे पेशीचं तापमान २५ अंश असतानाचे. त्यावर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. मेच्या दुपारी पॅनेलच्या आतलं तापमान ६५ अंशांवर सहज जातं. चाळीस अंश जास्त, म्हणजे १४ टक्के गेले. पॅनेलला प्रकाश हवा असतो, त्यातला ताप त्याला नको असतो. म्हणून वारा वाहणारा स्वच्छ दिवस त्याला सगळ्यात मानवतो.

दुसरं कारण सूर्याच्या जागेचं. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो आणि आमची पॅनेलं दक्षिणेकडे बघत असतात.

*

एप्रिलच्या एका लख्ख दिवशी आलेख बाराच्या सुमारास एकदम शून्यावर आला, पाच मिनिटांनी वर गेला, परत शून्य. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. ढग आला तर आलेख घसरतो, पण शून्य होत नाही, कारण ढगाळ उजेडातही थोडी वीज बनतेच. शून्य म्हणजे इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडला. गल्लीतली बरीच घरं भर दुपारी एकाच तारेत वीज ढकलतात तेव्हा व्होल्टेज चढतं, आणि ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की इन्व्हर्टर सुटतो. त्याच्या नोंदीत तो दोष वेळेसकट लिहिलेला असतो. असे दिवस पॅनेल धुऊन सुधारत नाहीत. त्यासाठी वीज कंपनीकडे व्होल्टेजची तक्रार करावी लागते, आणि तक्रारीसोबत त्या नोंदी द्याव्या लागतात.

*

जुलै. मळभ असं की दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. दिवसाला चार युनिट, पाच युनिट. मग एखादी उघडीप होते आणि पडद्यावर वर्षातला सगळ्यात मोठा क्षणिक आकडा दिसतो. पावसाने हवा आणि काच दोन्ही धुतलेली असतात, पॅनेल थंड असतं आणि ढगांच्या पांढऱ्या कडांवरून परतलेला प्रकाश थेट उन्हात मिसळतो. पण हे दोन मिनिटांचं असतं. कमाल वॅट बघून यंत्रणेची तब्येत ठरवू नये, युनिट बघावीत.

एकाच गच्चीवर दोन वर्षांच्या जुलैत मोठा फरक पडू शकतो. म्हणून जुलैचा आकडा गेल्या जुलैशी ताडण्यात फारसा अर्थ नसतो. तो शेजाऱ्याशी ताडायचा. माझे २.७०, काकांचे २.७५. ढग दोघांवर सारखाच होता.

पावसाळ्यात शोधण्यासारखा खरा दोष वेगळाच असतो. रात्रभर पाऊस झाला की सकाळी इन्व्हर्टर उशिरा, नऊ-दहाला जागा होतो, आणि कोरड्या दिवशी वेळेवर. असं दिसलं तर कुठल्यातरी जोडात किंवा सोललेल्या वायरीत पाणी शिरतंय आणि इन्सुलेशन कमी पडतंय. ते वाळेपर्यंत इन्व्हर्टर सुरू होत नाही. हे काम जाणत्या वायरमनचंच आहे. उजेड असेपर्यंत पॅनेलच्या वायरींत वीज असते, घरातला मेन स्विच बंद केला तरी.

*

ऑक्टोबरपासून आकडे परत वर येतात: ४२२, ४२८, ४३२. थंडीत दिवस अकरा तासांचा, तरी डिसेंबर ऑक्टोबरच्या मागे नाही, कारण सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि पॅनेलंही तिकडेच बघत असतात.

मात्र त्याच झुकण्यामुळे सावल्या लांबतात. डिसेंबरात सकाळी नऊला सूर्य जेमतेम २३ अंशांवर असतो आणि वस्तूची सावली तिच्या उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त पडते. उन्हाळ्यात निरुपद्रवी असणारी पाण्याची टाकी थंडीत पॅनेलवर येते. आलेखात ते रोज त्याच वेळी घेतलेल्या घासासारखं दिसतं.

*

धुरकं. पुण्याच्या खोलगट भागात थंड रात्री हवा खाली साचते आणि शेकोट्यांचा, गाड्यांचा धूर, रस्त्याची धूळ तिच्यातच अडकून राहते. सकाळचं तिरपं ऊन याच थरातून लांब वाट काढत येतं. त्यामुळे आलेखाचा सकाळचा खांदा पडतो. दहा-अकराला थर विरला की दुपारचं टोक जवळपास नेहमीच्या उंचीवर जातं. भाचा नोएडाला राहतो, त्याच्याकडे ते दिवसभर विरत नाही. दिल्लीकडे जुलै नव्हे तर डिसेंबर-जानेवारी वर्षातले सगळ्यात कमी महिने ठरू शकतात.

धुळीचं तसं नसतं. ती काचेवर बसलेली असते, सकाळी, दुपारी, संध्याकाळी सारखीच. तिच्यामुळे आलेखाचा आकार तोच राहतो, फक्त सगळी कमान बुटकी होते. रात्रीचं दव ती धूळ ओघळवत खालच्या चौकटीपाशी आणतं आणि तिथे चिखलाची पट्टी वाळते. ती पट्टी बोटभर रुंदीची असली तरी पेशींची सगळ्यात खालची ओळ झाकते. एका सरीतल्या पेशी एकमेकींशी बांधलेल्या असल्यामुळे झाकलेली पेशी बाकीच्यांनाही मागे खेचते.

*

या जानेवारीची हकीकत नीट लिहून ठेवतो.

गेल्या जानेवारीत ४५८ युनिट, या वेळी ४०१. साडेबारा टक्के कमी. घरात सगळे म्हणाले, यंदा धुरकं फार होतं. असेलही. पण महिन्याच्या बेरजेत ढग, धुरकं, धूळ, बिघाड सगळं एकत्र मिसळलेलं असतं, त्यातून काही वेगळं काढता येत नाही. म्हणून मी फक्त तीन सर्वोत्तम दिवस काढले. महिन्यात तीन दिवस तरी आकाश स्वच्छ मिळतंच, पावसाळा सोडून. त्या दिवशी आभाळाची सबब उरत नाही, जे कमी पडेल ते आपल्या गच्चीवरचं.

गेल्या वर्षीचे तीन: १६.०, १५.९, १५.८. यंदाचे: १४.२, १४.०, १३.८. सरासरी १५.९ वरून १४.०, म्हणजे बारा टक्के कमी. जवळजवळ पूर्ण तूट स्वच्छ दिवसांतही तशीच होती.

तरी एक शंका राहते. महिनाभर पातळ धुरकं असेल तर सर्वोत्तम दिवसही खाली येतील. म्हणून काकांचे तीन दिवस विचारले. किलोवॅटला ४.८५, दोन्ही वर्षी. माझे ४.९ वरून ४.३. दोघांचं आकाश एकच, म्हणून आकाश सुटलं. आलेख बघितला तर कुठे घास नव्हता, कुठे शून्य नव्हतं, कमान सगळीकडे बुटकी होती. आमच्या लगतच्या प्लॉटवर डिसेंबरापासून पायाचं खोदकाम आणि सिमेंटचं काम सुरू होतं. काकांचं घर तीन इमारती पलीकडे.

एक फेब्रुवारीला पहाटे पॅनेलं धुतली. पहाटेच, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते. सिमेंटची धूळ दवाने चिकटलेली होती, कोरड्या झाडूने हलेना. मऊ ब्रश आणि भरपूर पाणी लागलं. पाणी नळाचं वापरलं, बोअरचं नाही, कारण त्याच्या क्षारांचे पांढरे डाग काचेवर राहतात. ३१ जानेवारीला १४.२ युनिट होती, २ फेब्रुवारीला, तशाच स्वच्छ दिवशी, १६.१.

*

धुऊनही सर्वोत्तम दिवस वर आले नसते तर? मग शोध काचेच्या आत गेला असता: एखादं पॅनेल, डायोड, सैल जोड. धुण्याच्या आधी तंत्रज्ञाला बोलावलं तर तो धुवाच म्हणतो. धुऊन, आधीचा आणि नंतरचा स्वच्छ दिवस लिहून मग बोलावलं तर त्याला आपलं म्हणणं ऐकावं लागतं.

*

महावितरणच्या हिशेबात जास्तीची युनिट आर्थिक वर्षात पुढे सरकतात आणि ३१ मार्चला खातं मिटतं. एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टात कामी येते. म्हणून माझी वहीही एप्रिलला सुरू होते. दर महिन्याला एकच ओळ: एकूण युनिट, किलोवॅटला दिवसाचा आकडा, तीन सर्वोत्तम दिवस, काकांचा आकडा, धुतल्याची तारीख. बेरजेत ऋतू दिसतो, तीन दिवसांत गच्ची दिसते. जुलैच्या ओळीत सर्वोत्तम दिवसांची जागा मी रिकामी सोडतो.